भरतीचे बारा हिस्से

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकजण खाडीच्या काठी राहणारे आहात. भरती केव्हा लागते व ओहोटी केव्हा, हे मी आपणांस सांगावे अशी आवश्यकता नाही. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर चांगलाच परिचित आहे. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता. आणि अमावास्या-पौर्णिमेस बाराच्या आसपास, एकदा दुपारी व एकदा मध्यरात्री. मुंबई व तिच्या लगतच्या किनाऱ्याला हा ठोकळ हिशेब सुमारे तासाभराच्या फरकाने लागू पडतो.

परंतु या हिशेबातून मिळते ती केवळ वेळ. पाण्याची उंची त्यातून मिळत नाही. होडी घेऊन दुसऱ्या बंदरी जावयास निघालेल्या तांडेलाचा प्रश्न नेमका उंचीचा असतो. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा आहे. पूर्ण ओहोटीला तेथे गुडघाभर पाणी उरते आणि पूर्ण भरतीला दोन पुरुष. आपण तेथे पोहोचणार या दोहोंच्या मधल्याच एखाद्या वेळी. त्या वेळी दांड्यावर किती पाणी असेल? या प्रश्नाचे उत्तर कागद-पेन्सिलीने, आणि सवय झाल्यावर तोंडी, देणारा एक सुटसुटीत नियम जगभरचे नावाडी वापरतात. त्यास बाराव्या हिश्शांचा नियम म्हणतात. आज त्याच नियमाविषयी, त्याच्या उपयोगाविषयी व विशेषतः त्याच्या मर्यादांविषयी मी बोलणार आहे.

कोष्टक आणि नकाशा

या हिशेबासाठी दोन साधने हवीत. पहिले साधन म्हणजे भरती-ओहोटीचे कोष्टक. भारतीय सर्वेक्षण विभाग प्रमुख बंदरांसाठी असे कोष्टक दरवर्षी आगाऊ प्रसिद्ध करीत असतो. मुंबईला अपोलो बंदरावर पाण्याच्या चढउताराची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. अशा दीर्घकालीन नोंदींच्या आधारेच पुढील वर्षाचे पाणी वर्तविता येते. कोष्टकात प्रत्येक दिवसाच्या पूर्ण भरतीच्या व पूर्ण ओहोटीच्या वेळा आणि त्या वेळची पाण्याची उंची दिलेली असते. मधल्या वेळांची उंची मात्र त्यात नसते, आणि आपला नियम लागतो तो तेथेच.

दुसरे साधन म्हणजे सागरी नकाशा. त्यावर जागोजागी पाण्याच्या खोलीचे आकडे असतात. हे आकडे एका ठरलेल्या मूळ पातळीपासून मोजलेले असतात, व ती पातळी उधाणाच्या ओहोटीला पाणी जितके उतरते त्याच्या आसपास धरलेली असते. कोष्टकातील उंचीही त्याच पातळीपासून मोजलेली असते. म्हणून नकाशातील खोलीत कोष्टकातील उंची मिळविली की त्या क्षणीची प्रत्यक्ष खोली मिळते. ज्या जागा ओहोटीला उघड्या पडतात त्यांच्या आकड्याखाली नकाशात रेघ मारलेली असते. असा आकडा मिळवावयाचा नसून वजा करावयाचा असतो. ही एक रेघ नजरेतून सुटली तर हिशेब दुप्पट चुकतो, कारण जेथे एक मीटर उंचीची वाळू आहे तेथे आपण एक मीटर पाणी धरून चालतो.

मुंबईचे सरासरी आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. उधाणाच्या भरतीला पाणी मूळ पातळीपासून सुमारे ४.४ मीटर चढते व उधाणाच्या ओहोटीला सुमारे ०.८ मीटरपर्यंत उतरते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या पाण्याला, भरती सुमारे ३.३ मीटर व ओहोटी सुमारे १.९ मीटर असते. म्हणजे उधाणाला पाण्याचा चढ साडेतीन मीटरांहून अधिक, तर भांगाला दीड मीटरही नाही. एकाच जागी, एकाच महिन्यात, एवढे अंतर पडते.

नियम काय सांगतो?

पूर्ण ओहोटी व पूर्ण भरती यांच्या उंचीतील फरकाला आपण चढ म्हणू. या चढाचे बारा समान हिस्से करावेत. ओहोटीपासून भरतीपर्यंतचा काळ स्थूलमानाने सहा तासांचा असतो. पहिल्या तासात पाणी एक हिस्सा चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन. चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. एक, दोन, तीन. तीन, दोन, एक. यांची बेरीज बारा. उतरतानाही हाच क्रम.

शाळेत शिकवावयाचे झाल्यास जुन्या फुटांच्या मापात हा नियम मोठ्या सुलभतेने समजतो. मुंबईला उधाणाचा सरासरी चढ योगायोगाने जवळजवळ बारा फूट भरतो. तेव्हा एक हिस्सा म्हणजे एक फूट. पहिल्या तासात पाणी एक फूट चढेल, दुसऱ्यात दोन फूट, तिसऱ्यात व चौथ्यात तीन-तीन फूट, आणि मग पुन्हा दोन व एक. ज्या ठिकाणी चढ एकच फूट आहे तेथे हेच आकडे इंचांत वाचावेत, कारण फुटाचे इंचही बाराच.

येथे एक सूचना करावीशी वाटते. तासांचे हिस्से पाठ असले, तरी वापरताना लागते ती त्यांची चढती बेरीज. एक तासाने एक, दोन तासांनी तीन, तीन तासांनी सहा, चार तासांनी नऊ, पाच तासांनी अकरा आणि सहा तासांनी बारा हिस्से. नवख्या माणसाची चूक बहुधा येथेच होते. दोन तासांनंतर किती पाणी, असे विचारले की तो दोन हिस्से धरतो. प्रत्यक्षात तीन झालेले असतात.

पाणी असे का चढते?

पाणी सहा तासांत सारख्याच वेगाने का चढत नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्यांना भिंतीवरील घड्याळ दाखवावे. मिनिटकाटा विसरून केवळ तासकाट्याचे टोक पाहावे. सहा वाजता ते सर्वांत खाली असते व बारा वाजता सर्वांत वर. काटा एकाच गतीने फिरत असतो, तरी त्याच्या टोकाची उंची एकाच गतीने वाढत नाही. सहापासून सातपर्यंत टोक बहुतांशी आडवेच सरकते, वर फारसे जात नाही. आठपासून दहापर्यंत ते जवळजवळ सरळ वर चढते. अकरापासून बारापर्यंत पुन्हा आडवे सरकते. समुद्राच्या पाण्याचा चढउतारही, उघड्या किनाऱ्यावर, याच रीतीने होतो. भरती-ओहोटीच्या काळाशी थांबून राहिल्यासारखे वाटणारे पाणी आणि अर्ध्या भरतीला डोळ्यांदेखत पायऱ्या बुडविणारे पाणी यांचे कारण हेच.

या घड्याळावरून नियमाची अचूकताही तपासता येते. समजा, तासकाट्याच्या टोकाने आखलेल्या वर्तुळाचा व्यास २४ सेंटिमीटर आहे. म्हणजे एक हिस्सा दोन सेंटिमीटरचा. आठ वाजता टोक तळापासून बरोबर सहा सेंटिमीटर वर असते, नऊ वाजता बारा व दहा वाजता अठरा. नियमाचेही आकडे तेच आहेत. फरक पडतो तो सात व अकरा या दोनच ठिकाणी. सात वाजता टोक प्रत्यक्षात १.६ सेंटिमीटर वर असते, नियम मात्र २ सांगतो. अकरा वाजता ते २२.४ सेंटिमीटरवर असते, नियम २२ सांगतो.

हा फरक अल्प आहे. साडेतीन मीटरांच्या चढात तो सुमारे सहा सेंटिमीटर भरतो. तथापि त्याची दिशा ओळखून ठेवावी. भरतीच्या अलीकडे-पलीकडे तासाभरात नियम प्रत्यक्षाहून किंचित कमी पाणी सांगतो, आणि त्यात धोका नाही. ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे तासाभरात तो किंचित अधिक पाणी सांगतो. म्हणजे पाणी जेव्हा सर्वांत कमी असते, नेमका तेव्हाच नियम थोडा उदार होतो. त्या वेळी पदरचे थोडे पाणी हिशेबातून सोडून द्यावे.

एक उदाहरण : दांडा ओलांडण्याची वेळ

आता एक हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. परंतु ते मुंबईच्या आसपासच्या उधाणाच्या दिवसाला शोभतील असेच आहेत.

कोष्टकात सकाळी ५ वाजून ४२ मिनिटांनी पूर्ण ओहोटी, उंची ०.७ मीटर, आणि ११ वाजून ५४ मिनिटांनी पूर्ण भरती, उंची ४.३ मीटर. दोहोंतील अंतर ६ तास १२ मिनिटांचे. येथे ठोकळमानाने सहा तास धरण्यापेक्षा प्रत्यक्ष काळाचेच सहा भाग करावेत. ३७२ मिनिटांचे सहा भाग म्हणजे प्रत्येकी ६२ मिनिटे. हा आपला त्या दिवसापुरता "भरतीचा तास". चढ ३.६ मीटर, म्हणून एक हिस्सा ०.३ मीटर. ओहोटीच्या ०.७ मध्ये हे हिस्से मिळवीत गेले की पुढील आकडे येतात :

५ वाजून ४२ मिनिटे — ०.७ मीटर
६ वाजून ४४ मिनिटे — १.० मीटर
७ वाजून ४६ मिनिटे — १.६ मीटर
८ वाजून ४८ मिनिटे — २.५ मीटर
९ वाजून ५० मिनिटे — ३.४ मीटर
१० वाजून ५२ मिनिटे — ४.० मीटर
११ वाजून ५४ मिनिटे — ४.३ मीटर

शेवटचा आकडा कोष्टकातील भरतीशी जुळला, म्हणजे बेरजेत चूक नाही, ही आपोआप झालेली पडताळणी.

आपल्याला जावयाच्या खाडीच्या मुखाशी दांड्यावर नकाशात ०.३ मीटर खोली दाखविली आहे, असे समजा. होडीचा १.५ मीटर भाग पाण्याखाली असतो. तळाखाली निदान ०.६ मीटर पाणी मोकळे राहिले पाहिजे, असे तांडेलाने ठरविले आहे. तेव्हा एकूण २.१ मीटर पाणी हवे. त्यातील ०.३ नकाशाने दिले, उरलेले १.८ मीटर भरतीने द्यावयाचे. वरील आकडे पाहता ७ वाजून ४६ मिनिटांनी १.६ मीटर आहे, म्हणजे ०.२ कमी. पुढील ६२ मिनिटांत पाणी ०.९ मीटर चढणार आहे, तेव्हा ०.२ चढण्यास सुमारे १४ मिनिटे लागतील. आठ वाजता दांडा ओलांडण्याजोगा होईल.

आता प्रवासाची आखणी उलट्या बाजूने करता येते. खाडी २४ सागरी मैल दूर आहे व होडी ताशी सहा मैल चालते. प्रवास चार तासांचा. आठला पोहोचावयाचे तर पहाटे चारला निघावे लागेल. परंतु शहाणा तांडेल पाचला निघेल व नऊला पोहोचेल. नऊ वाजता भरतीची उंची सुमारे २.७ मीटर, म्हणजे दांड्यावर तीन मीटर पाणी असेल. आणि पाणी अद्याप चढतेच असेल. दांडा ओलांडावा तो चढत्या पाण्यात. या जुन्या सांगण्यामागे याच हिश्शांचा हिशेब आहे. चढत्या पाण्यात तळ टेकला, तर तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी मिनिटाला सुमारे दीड सेंटिमीटर वर येते, आणि होडी थोड्याच वेळात स्वतः उचलली जाते. तीच होडी उतरत्या पाण्यात टेकली, तर खलाशी बांबू लावून रेटा देईपर्यंत, दहा मिनिटांत, पाणी पंधराएक सेंटिमीटर खाली गेलेले असते. मग ती कलंडते, आणि परत येणारी भरती तिला उचलण्याऐवजी तिच्यात शिरण्याची भीती असते.

याहूनही वाईट प्रसंग उधाणाच्या ऐन भरतीला टेकण्याचा. दुसऱ्या दिवसापासून भरती थोडी थोडी कमी होत जाते. ज्या पाण्याने होडी वाळूवर नेली, तेवढे पाणी पुन्हा येण्यास पुढील उधाण, म्हणजे जवळजवळ पंधरवडा, लागू शकतो.

दुपारचा हिशेब वेगळा

त्याच दिवशी दुपारी परत निघावयाचे असेल तर सकाळचाच हिशेब उलटा करून चालणार नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, पण त्या सारख्या उंचीच्या नसतात. दोन ओहोट्यांमधील फरक तर मुंबईला सहज डोळ्यांत भरतो. समजा, आपल्या उदाहरणात सायंकाळची ओहोटी ६ वाजून १२ मिनिटांनी असून तिची उंची १.३ मीटर आहे. आता उतार ३.० मीटरचा, एक हिस्सा ०.२५ मीटरचा व भरतीचा तास ६३ मिनिटांचा. भरतीच्या ४.३ मधून एक, तीन, सहा, नऊ असे हिस्से वजा करीत गेल्यास ३ वाजून ३ मिनिटांनी २.८ मीटर, ४ वाजून ६ मिनिटांनी २.०५ मीटर व ५ वाजून ९ मिनिटांनी १.५५ मीटर अशी उंची मिळते. आपल्याला हवे असलेले १.८ मीटर या शेवटच्या दोहोंच्या बरोबर मध्यावर, म्हणजे साडेचार वाजून गेल्यावर काही मिनिटांनी, संपते.

म्हणजे कागदावर दांडा सकाळी आठपासून दुपारी साडेचारपर्यंत मोकळा. परंतु साडेचार ही निघण्याची वेळ मानू नये. उतरत्या पाण्यात वेळेची थोडीशी चूकही पाण्याच्या मोठ्या चुकीत रूपांतरित होते. तीनच्या आत बाहेर पडावे. तेव्हा हाताशी एक मीटर अधिक पाणी असते.

भांगाच्या दिवशी हेच गणित निराळे दिसते. ओहोटीच १.९ मीटरवर थांबत असल्यामुळे १.८ मीटर मागणारी आपली होडी त्या दिवशी, निदान कागदावर, केव्हाही जाऊ शकेल. उलट ज्या मोठ्या पडावाला ३.५ मीटर भरती हवी, तो भांगाच्या ३.३ मीटरच्या भरतीला दिवसभर थांबूनही आत येऊ शकणार नाही. त्याने उधाणाचीच वाट पाहिली पाहिजे. मालाची ने-आण ठरविताना केवळ भरतीची वेळ पाहून भागत नाही, ते यासाठी.

नियम कोठे फसतो?

हा नियम म्हणजे पाण्यावर घातलेले बंधन नव्हे. पाणी साधारणतः कसे वागते याचे ते एक सोपे चित्र आहे. ते कोठे खोटे ठरते, हे जाणणाऱ्यानेच ते वापरावे.

पहिली गोष्ट, आकडे त्याच जागेचे असावेत. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा चढ सर्वत्र सारखा नाही. मुंबईहून दक्षिणेस रत्नागिरी, मालवण, गोवा असे जावे तसा तो कमी होत जातो. उत्तरेस खंभातच्या आखातात तो वाढत जाऊन भावनगरच्या बाजूस भारतातील सर्वांत मोठ्या चढांपैकी एक होतो. वेळाही बदलतात. मुंबईचे कोष्टक खिशात ठेवून दक्षिणेच्या खाडीत शिरणारा तांडेल प्रत्यक्षात नसलेले पाणी हिशेबात धरतो. गंतव्य बंदराचे, अथवा त्याच्या सर्वांत जवळच्या बंदराचे कोष्टक घेऊन त्यात दिलेल्या दुरुस्त्या कराव्यात.

दुसरी गोष्ट, पाण्याचा चढ घड्याळाच्या काट्यासारखा असावा. उथळ व चिंचोळ्या जागी तो तसा राहात नाही. लांब खाडीत आतवर गेल्यास भरती झपाट्याने चढते व ओहोटी रेंगाळत उतरते. बंगालमधील हुगळी नदीत हा प्रकार इतका तीव्र असतो की, उधाणाला भरतीची आघाडी कधी कधी पाण्याच्या भिंतीसारखी आत येते. तेथे सहा तासांचे सहा समान भाग करण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन बंदरात तर भरती एकदा पूर्ण होऊन किंचित ओसरते व पुन्हा चढते. तेथील नावाडी हा नियम बाजूस ठेवून त्या बंदराचा स्वतंत्र आलेखच पाहतात. आपल्याकडे खाडीच्या मुखावर नियम बरा चालतो, पण आतील धक्क्यावर तो चालेलच असे गृहीत धरू नये. पावसाळ्यात नदीला पूर असेल तर आतील पाणी भरती-ओहोटीचे ऐकतच नाही.

तिसरी गोष्ट हवेची. कोष्टकातील उंची सर्वसाधारण हवामान धरून दिलेली असते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वर येते, आणि दाब वाढला की तितकीच खाली जाते. किनाऱ्याकडे सतत वाहणारा वारा पाणी चढवितो, किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा उतरवितो. तसेच दांड्यावर लाटा असतील तर होडी लाटेच्या दरीत येते, तेव्हा लाटेच्या सुमारे निम्म्या उंचीइतके पाणी कमी होते. एक मीटर लाटेत आपल्या ०.६ मीटर राखीव पाण्यापैकी अर्धा मीटर असाच संपतो. उदाहरणातील होडीचे जाणे शांत समुद्रातच सुरक्षित होते, हे येथे ध्यानात यावे.

चौथी गोष्ट दांड्याची. वाळू जागा बदलते. नकाशातील ०.३ मीटर हा आकडा ज्या वर्षी मोजला त्या वर्षीचा असतो. पावसाळ्यानंतर दांडा पुढे सरकलेला किंवा उंच झालेला असू शकतो. बाराव्या हिश्शांचे गणित कितीही बिनचूक केले, तरी ते ज्या खोलीत मिळवावयाचे तीच बदलली असेल तर उत्तर चुकणारच. म्हणून स्थानिक नाखव्याला विचारल्याखेरीज आणि शिसाचे वजन बांधलेल्या दोरीने पाणी मोजीत गेल्याखेरीज अनोळखी दांडा ओलांडू नये.

शेवटी, हा नियम उंचीचा आहे, प्रवाहाचा नव्हे. पूर्ण भरती झाली म्हणजे खाडीतील ओढ त्याच क्षणी थांबते, असे नाही. अनेक ठिकाणी पाण्याची पातळी उतरू लागल्यावरही आत जाणारी धार काही वेळ चालूच असते.

आपल्या धक्क्यावरील पडताळणी

आपल्या गावाच्या धक्क्यावर हा नियम कितपत लागू पडतो, हे एका दिवसात पाहता येते. धक्क्याच्या बाजूला, ओहोटीलाही पाण्यात राहील अशा जागी, दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी उभी पक्की बसवावी. वाऱ्याचा जोर नसलेला दिवस निवडावा. पूर्ण ओहोटीच्या थोडे आधीपासून पूर्ण भरती होऊन जाईपर्यंत दर अर्ध्या तासाने पाणी कोठवर आले ते लिहावे. लाटांमुळे पाणी खालीवर होत असते, म्हणून एका मिनिटातील सर्वांत वरची व सर्वांत खालची खूण पाहून त्यांचा मध्य घ्यावा. शाळेतील सातवी-आठवीची मुले हे काम उत्तम करू शकतील.

मग मुलांना चढाचे बारा हिस्से करावयास सांगावे व प्रत्यक्ष आकड्यांशेजारी नियमाचे आकडे मांडावेत. मधल्या तासाला पाणी जवळजवळ अर्ध्या चढावर असेल, तर नियम तेथे चालतो. तीन तासांनी ते अर्ध्याच्या बरेच वर गेलेले आढळले, तर भरती तेथे झपाट्याने चढते, असे समजावे. तेथे भरतीला नियमाहून अधिक पाणी मिळेल. सर्वच आकडे एकाच दिशेने सारख्या अंतराने चुकत असतील, तर दोष नियमाचा नसून हवेचा, पट्टीच्या शून्य खुणेचा किंवा कोष्टकातील दुरुस्तीचा असतो. आकडे बरोबर पण उशिरा येत असतील, तर भरती तेथे मुखापेक्षा तितकी मिनिटे मागाहून पोहोचते. उधाणाला एकदा व भांगाला एकदा अशी दोन दिवसांची नोंद केली की, त्या धक्क्याची रीत बऱ्याच अंशी उमगते.

अशी नोंद हाती असली म्हणजे ग्रामपंचायतीला धक्क्याची शेवटची पायरी कोठवर न्यावी, तरीची होडी दिवसाच्या कोणत्या वेळी धक्क्याला लागू शकणार नाही, व वाळू-सिमेंट आणणाऱ्या पडावाला कोणत्या तिथीला बोलवावे, यांची उत्तरे अंदाजावर सोडावी लागत नाहीत. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे आकडे आपणांपैकी कोणी बरोबर आणले असतील, तर उरलेल्या वेळात आपण ते फळ्यावर मांडून पाहू. एक, दोन, तीन. तीन, दोन, एक, एवढे आपण बरोबर न्यावे, आणि त्याच्या जोडीला पाण्यात सोडावयाची दोरी कधी विसरू नये, इतके सांगून मी माझे भाषण संपवितो.